गर्दीत मूल भोवळ येऊन पडले तर: आडवे झोपवण्यापासून ईसीजीपर्यंत

दोन वर्षांपूर्वी शिमग्यात, गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी पालखी सहाणेवर बसलेली असताना, माझी १४ वर्षांची मुलगी ओटीच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळली. सकाळपासून तिने अर्धा कप चहा सोडून काही घेतले नव्हते, कारण ओटी भरल्यावरच जेवायचे असे ठरले होते. दुपारचे साडेबारा वाजले होते, मांडवात पत्र्याखाली हवा कोंडलेली होती आणि ती जवळजवळ दीड तास एकाच जागी उभी होती. ती पडताच चार जणांनी तिला दंडाला धरून उचलले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले. तिने डोळे उघडले, "आई, पाणी" एवढे म्हणाली आणि खुर्चीतच पुन्हा मान टाकली. ही दुसरी भोवळ आम्ही आमच्या हातांनी आणली होती, हे मला तीन दिवसांनी डॉक्टरांकडून समजले.

त्या दिवसापासून मुलीचा ईसीजी हाती येईपर्यंत काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कशाला घाबरायचे, हे आम्हाला कुणी नीट सांगितले नव्हते. ते सगळे पुढे क्रमाने लिहिले आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींना गर्दीत, उकाड्यात, उभे असताना येणारी भोवळ बहुतेक वेळा धोक्याची नसते. परंतु तशाच दिसणाऱ्या थोड्या भोवळी हृदयाच्या असतात. त्या वेगळ्या ओळखता याव्यात, हा या लेखाचा मुख्य उद्देश आहे.

१. पडण्याआधीची दोन मिनिटे ओळखा

साधी भोवळ क्वचितच न सांगता येते. आधी जांभया येतात, पोटात ढवळते, कपाळावर आणि ओठांवर थंड घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात आणि मग डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या मुलीने नंतर सांगितले की ढोलाचा आवाज "पाण्याखालून आल्यासारखा" वाटू लागला होता. तिच्या मागे उभ्या असलेल्या जाऊबाईंनी तिचे ओठ पांढरे झालेले पाहिलेही होते, पण उपाशी आहे म्हणून असेल, असे त्यांना वाटले.

हे का होते, ते समजले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप लक्षात राहते. आपण न हलता उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांत आणि पोटात उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात. रांगेत उभे असताना ढकलत नाहीत. त्यात उकाड्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि घामावाटे पाणी व मीठ निघून जाते. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम वाहतच राहतो. हृदयाकडे परतणारे रक्त असे कमी झाले की काही जणांच्या शरीरात एक उलटी प्रतिक्षिप्त क्रिया घडते: नाडी वाढायची ती एकदम मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला काही सेकंद पुरेसे रक्त मिळत नाही. माणूस आडवा पडला की डोके हृदयाच्या पातळीला येते, रक्त परत पोहोचते आणि शुद्ध येते.

म्हणून वरच्या खुणा दिसताक्षणी मुलाला आहे तिथेच खाली घ्या. आडवे करता आले तर उत्तम. जागा नसेल तर उकिडवे बसवावे आणि डोके गुडघ्यांकडे झुकवावे. तेही शक्य नसेल, तर उभ्या उभ्या पाय एकमेकांवर आढी घालून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळायला सांगावे, आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून हात बाहेरच्या दिशेला जोरात ओढायला सांगावे. स्नायू असे आवळले की पायांतले रक्त वर सरकते आणि रक्तदाब थोडा वेळ सावरतो. एवढ्या वेळात बसायला जागा करून घ्यायची. त्याच्या आधारावर रांगेत उभे राहायचे नाही.

इथे मोठा सापळा आहे तो लाजेचा. या वयातल्या मुलांना चारचौघांत खाली बसण्याची लाज वाटते, म्हणून ती "मी जरा बाहेर जाऊन येते" म्हणतात आणि एकटीच गर्दीतून वाट काढू लागतात. मग ती देवळाच्या पायऱ्यांवर, विहिरीच्या कठड्याजवळ किंवा न्हाणीघरात दार लावून पडतात. साध्या भोवळीतली खरी इजा अशा पडण्याने होते. पांढऱ्या पडलेल्या मुलाला एकट्याने कुठेही जाऊ देऊ नये.

२. पडल्यावर आडवेच ठेवा, पाय वर घ्या

मुलाला पाठीवर सपाट झोपवावे. डोक्याखाली उशी, पिशवी, कुणाची मांडी असे काहीही घेऊ नये, कारण डोके जितके वर तितके रक्त तिथे उशिरा पोहोचते. पाय सुमारे एक फूट उचलून धरावेत किंवा एखाद्या पिशवीवर ठेवावेत. गळ्याजवळची बटणे, ओढणी, कमरेचा पट्टा सैल करावा. ओकारी येत असेल किंवा तोंडात लाळ साचत असेल, तर एका कुशीवर वळवावे. उंचावरून पडले असेल, मान दुखत असेल किंवा डोक्याला मार दिसत असेल, तर विनाकारण हलवू नये.

गर्दीत हे करणे बोलण्याइतके सोपे नसते, कारण सगळ्यांचा पहिला हात उचलण्यासाठीच पुढे येतो. आमच्या सासूबाई कळवळून "अगो, बसवा तिला, वारा घाला" म्हणत होत्या आणि तिथल्या प्रत्येकाला तेच बरोबर वाटत होते. परंतु बसवलेल्या माणसाचे डोके हृदयापेक्षा वरच राहते आणि पाय खाली लोंबतात. खुर्चीत धरून बसवल्यामुळे माझ्या मुलीचा रक्तदाब सावरू शकला नाही आणि ती पुन्हा बेशुद्ध झाली. दाटीत तर याहून वाईट घडू शकते: पडायलाही जागा नसल्याने माणूस बाजूच्यांच्या अंगांवर उभाच टेकून राहतो आणि शुद्ध लवकर येत नाही. म्हणून एकाने मुलाजवळ गुडघ्यांवर बसावे आणि बाकीच्यांना एकच काम सांगावे: आमच्याकडे पाठ करून गोल कडे धरा आणि जागा मोकळी ठेवा. "बाजूला व्हा" असे ओरडण्यापेक्षा एखाद्याचा हात धरून त्याला कामाला लावले की तो ऐकतो.

कांदा फोडून हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, हातात किल्ल्या देणे, गालावर चापट्या मारणे, यांपैकी कशानेही रक्तदाब वाढत नाही. शुद्ध येते ती आडवे झाल्याने, आणि श्रेय कांद्याला मिळते. तोंडावर पाण्याचा हलका शिपका मारायला हरकत नाही. पण शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

३. घड्याळ आणि श्वास पाहा

पडल्याबरोबर कुणीतरी घड्याळ पाहावे. साध्या भोवळीत आडवे केल्यावर शुद्ध साधारणपणे काही सेकंदांत, बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत येते. जवळ असलेल्या माणसाला तो वेळ दहा मिनिटांसारखा वाटतो. आमच्या घरात कुणी दोन मिनिटे म्हणत होते, कुणी पाच. एका भाच्याने मोबाइलवर काढलेल्या पालखीच्या चित्रफितीत ती पडताना आणि डोळे उघडताना दिसली, तेव्हा मधले अंतर १८ सेकंदांचे निघाले.

त्याच वेळी छातीकडे आणि नाकाकडे लक्ष द्यावे. मूल हाकेला ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर उघडतो तसे अधूनमधून तोंड उघडून आचके देत असेल, तर ही भोवळ नाही, हृदय बंद पडलेले आहे असे समजावे. आचके म्हणजे श्वास नव्हे. लगेच १०८ ला फोन लावावा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

श्वास चालू असूनही एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखते किंवा दम लागतो असे मूल म्हणाले, ते पळताना पडले असेल, डोक्याला जोरात मार लागला असेल किंवा नंतर बराच वेळ बरळत राहिले, तरीही १०८ बोलवावी. वाडीपर्यंत गाडी यायला वेळ लागतो, म्हणून फोन आधी करावा आणि सावरले तर नको म्हणून कळवावे.

हातापायांना झटके आले म्हणून ती फिटच, असे ठरवून टाकू नये. मेंदूला रक्त कमी पडले की साध्या भोवळीतही दहा-पंधरा सेकंद हात थरथरतात, डोळे वर जातात, क्वचित कपड्यांत लघवीही होते. फिटमध्ये झटके बहुधा एका मिनिटाहून जास्त टिकतात, चेहरा निळसर पडतो, जिभेची कड चावली जाते आणि शुद्धीवर आल्यावर बराच वेळ मूल गोंधळलेले राहते. भोवळीत मूल पांढरे पडते आणि डोळे उघडल्यावर लगेच माणसे ओळखते. हा फरक डॉक्टरांना सांगता आला नाही, तर मूल नको त्या औषधावर वर्षानुवर्षे राहू शकते.

४. शुद्ध आली तरी उठवू नका

डोळे उघडल्यावर किमान दहा-पंधरा मिनिटे आडवेच ठेवावे. त्यानंतर पाच मिनिटे बसवावे आणि मगच कुणाच्या तरी आधाराने उभे करावे. मध्येच पुन्हा घाम किंवा मळमळ सुरू झाली, तर परत आडवे करावे. घरी नेताना दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये. आपल्याकडे तेच वाहन हाताशी असते, परंतु चालत्या गाडीवर दुसऱ्यांदा भोवळ आली तर पकडायला कुणी नसते. रिक्षा मिळेपर्यंत सावलीत झोपवणे अधिक बरे.

पूर्ण जागे होऊन नीट बोलू लागल्यावर घोट घोट पाणी द्यावे. उपाशी असेल तर थोड्या वेळाने काही गोड आणि काही खारट द्यावे. मीठ घातलेले कोकम सरबत या वेळी फार उपयोगी पडते, कारण त्यात पाणी, साखर आणि मीठ तिन्ही असते. शहाळे चांगलेच, पण त्यात मीठ फारसे नसते, म्हणून शहाळ्यासोबत काहीतरी खारट खायला द्यावे. ओआरएसची पुडी वापरायची असेल, तर ती पुडीवर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यातच मिसळावी; मोठ्या पुडीला ते एक लिटर असते. पेलाभर पाण्यात सगळी मोठी पुडी ओतणे ही नेहमीची चूक आहे. इतके खारट पाणी उलटी आणते आणि तहान वाढवते.

५. त्याच दिवशी सगळे लिहून काढा

या आजारात कोणत्याही यंत्रापेक्षा पडण्याआधीच्या पाच मिनिटांचे वर्णन जास्त सांगते, आणि ते वर्णन दोन दिवसांत बदलून जाते. म्हणून संध्याकाळी वही घेऊन बसावे. मूल काय करत होते: उभे, बसलेले, आडवे, पळत, पोहत? किती वेळ? शेवटचे काय खाल्ले-प्यायले होते? आधी काय वाटले, आणि काहीच वाटले नसेल तर तेही. छातीत धडधडले का? चेहऱ्याचा रंग कसा होता? किती सेकंद? झटके आले का? उठल्यावर काय बोलले? मुलाला स्वतःला विचारावेच, पण सर्वांत जवळ असलेल्या माणसालाही विचारावे, कारण मधला भाग मुलाला आठवत नसतो.

आमच्याकडे एक प्रश्न मुद्दाम विचारला गेला तो फटाक्याचा. ती पडली त्याच सुमारास फटाक्यांची माळ लागली होती, आणि डॉक्टरांना कळायला हवे होते की ती आवाजाने दचकून तत्क्षणी पडली की आधीच पांढरी पडली होती. जाऊबाईंनी पाहिलेले पांढरे ओठ इथे कामाला आले: माळ लागली ती पडल्यानंतर, रंग गेला होता त्याच्या कितीतरी आधी.

६. हृदयाची तपासणी कधी हवीच

पहिल्यांदा भोवळ आली की मुलाला डॉक्टरांना दाखवावे आणि एकदा साधा ईसीजी काढून घ्यावा. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात, दुखत नाही आणि सरकारी रुग्णालयातही तो होतो. रांगेत उभे असताना, आधी खुणा देऊन आलेली भोवळ, साधी तपासणी आणि साधा ईसीजी एवढे जुळले की बहुतेकांना पुढे काही लागत नाही. मात्र पुढील गोष्टींपैकी एकही असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांकडे थांबा न घेता जावे, आणि तोपर्यंत मुलाला पळणे, कबड्डी, खो-खो आणि विशेषतः पोहणे बंद ठेवावे:

- पळता पळता, खेळाच्या भरात किंवा पोहताना भोवळ आली. शर्यत संपवून थांबल्यावर येणारी भोवळ बहुधा साधी असते, पण धावताना मध्येच पडणे तसे नसते.
- आडवे झोपलेले असताना भोवळ आली, किंवा कोणतीही खूण न देता दिवा मालवावा तशी आली.
- आधी छातीत दुखले किंवा अचानक वेगाने धडधडले.
- मोठ्या आवाजाने किंवा दचकल्याने त्याच क्षणी पडणे झाले.
- मुलाला हृदयाचा आजार आहे किंवा होता, अथवा लहानपणी छातीत आवाज आहे असे कुणी डॉक्टर म्हणाले होते.
- रक्ताच्या नात्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर मी थोडी थांबणार आहे, कारण तिथे माझी चूक झाली होती. डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या किंवा यजमानांच्या घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे का?" मी लगेच नाही म्हणाले. कुणालाही हृदयविकार नव्हता, आणि माझ्या मनात अचानक जाणे म्हणजे झटका येऊन जाणे. मग त्यांनी प्रश्न फोडून विचारला: "झोपेत? खेळताना? गाडी चालवताना कारणाशिवाय? पोहता येत असून बुडून?" तेव्हा मला माझा सख्खा मामा आठवला. खाडीकाठी वाढलेला, लहानपणापासून पोहणारा, आणि २२ व्या वर्षी भरतीच्या वेळी उडी मारल्यावर वर आलाच नाही. आमच्या घरात ते नेहमी "पाण्याने ओढून नेले" असेच सांगितले गेले, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत अशी एखादी गोष्ट असते.

डॉक्टरांनी समजावले ते असे. काही घराण्यांत हृदयाच्या विजेचा एक दोष वारशाने येतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो, तो वेळ या लोकांत लांबलेला असतो. त्याला लाँग क्यूटी म्हणतात. एरवी माणूस ठणठणीत असतो. पण पोहण्याच्या श्रमाने, थंड पाण्यातल्या उडीने किंवा अचानक आवाजाने ठोके वेडेवाकडे होऊ शकतात आणि तो बेशुद्ध होतो. जमिनीवर असेल तर पुष्कळदा आपोआप सावरतो. पाण्यात असेल तर बुडतो, आणि बाहेरच्यांना ते साधे बुडणेच वाटते. आईवडिलांपैकी एकाला नेहमीच्या प्रकारचा हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. औषधाने त्याचा धोका पुष्कळ कमी करता येतो, म्हणून तो शोधण्यात अर्थ आहे.

मामाला तोच दोष होता असे आता कुणीही म्हणू शकत नाही. भरतीचा ओढही खरा असतो. म्हणूनच डॉक्टरांनी मुलीच्या ईसीजीसोबत माझा आणि माझ्या आईचाही ईसीजी काढायला सांगितला.

७. दवाखान्यात जाताना काय न्यावे, तिथे काय होते

लिहिलेली वही, चित्रफीत असल्यास ती, मूल घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, जुने केसपेपर आणि आधीचा ईसीजी असेल तर त्याची मूळ पट्टी, एवढे सोबत न्यावे. गोळ्यांची पाकिटे महत्त्वाची आहेत, कारण काही प्रतिजैविके आणि उलटीवरची काही औषधे हृदयाचा तोच वेळ लांबवतात. घरून निघण्याआधी आजी-आजोबांना फोन करून नातेवाइकांतले तरुण मृत्यू विचारून घ्यावेत, आणि विचारताना "हृदयविकार" हा शब्द वापरू नये. कोण, कितव्या वर्षी, काय करताना गेले, एवढेच विचारावे.

डॉक्टर आधी छाती तपासतात. मग मुलाला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब व नाडी मोजतात आणि उभे केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजतात. हे मोजमाप घाईत राहून जाते. राहिले तर नम्रपणे आठवण करावी. रक्तातील हिमोग्लोबिन आणि साखर पाहतात. मुलींना काही प्रश्न एकटीला विचारण्याची डॉक्टरांना गरज असते, तेव्हा आईने पाच मिनिटे बाहेर थांबावे.

माझ्या मुलीचा झोपून रक्तदाब १०४/६६ होता आणि उभे केल्यावर फार उतरला नाही, जे साध्या भोवळीत नेहमीचे आहे. भोवळ येऊन गेल्यावर मोजमापे सामान्यच येतात. हिमोग्लोबिन १०.४ निघाले. या वयाच्या मुलीत ते किमान १२ हवे. तिची पाळी दोनच दिवसांपूर्वी संपली होती आणि अंगावरून जास्त जात होते, हे तेव्हाच समोर आले. रक्त कमी असल्याने भोवळ आली असे नाही, पण उपास, उकाडा आणि उभे राहणे सोसण्याची ताकद त्याने कमी झाली होती. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मळमळते म्हणून टाकून देत होती, हेही कळले. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर हिमोग्लोबिन १२.१ झाले.

ईसीजीत तिची नाडी ७२ आणि हृदयाला पुन्हा तयार व्हायला लागणाऱ्या वेळाचा, नाडीच्या वेगाप्रमाणे सुधारून काढलेला आकडा, म्हणजे क्यूटीसी, ४१६ मिलिसेकंद आला. तो साधारण ४६० च्या वर असेल तर हृदयरोगतज्ज्ञ पुन्हा ईसीजी काढून स्वतः मोजतात, कारण यंत्राचा आकडा चुकू शकतो. माझा आणि आईचा ईसीजीही ठीक होता. एका साध्या ईसीजीने हा दोष पूर्णपणे नाकारता येत नाही, असे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले; म्हणून पुन्हा भोवळ आली आणि ती श्रमात किंवा पाण्यात आली, तर सगळी तपासणी नव्याने करायची.

छातीत आवाज येत असेल, ईसीजी बिघडलेला असेल किंवा भोवळ श्रमात आली असेल, तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. त्यात हृदयाचे स्नायू जाड झाले आहेत का, झडप अरुंद आहे का ते दिसते. धडधड वारंवार होत असेल तर २४ तास हृदयाचे ठोके नोंदवणारे होल्टर यंत्र लावतात आणि श्रमातल्या भोवळीला ट्रेडमिलवर चालवून पाहतात. सरळ सरळ साध्या भोवळीत, डोक्याला मार नसताना, मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय काही दाखवत नाही. आम्ही घाबरून पहिल्याच दिवशी एका ठिकाणी सीटी स्कॅन करून बसलो आणि ईसीजी मात्र तीन दिवसांनी झाला. क्रम नेमका उलटा हवा होता.

ईसीजीची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. उन्हाने ती काळवंडते, काही वर्षांत पुसट होते आणि लॅमिनेट केली तर पूर्ण काळी पडू शकते. त्याच दिवशी तिचा स्पष्ट फोटो काढावा आणि झेरॉक्स करून ठेवावी. पुढच्या डॉक्टरांना जुनी पट्टी शेजारी ठेवून पाहता येणे फार मोलाचे असते.

८. पुढच्या जत्रेआधी

एकदा अशी भोवळ आलेल्या मुलाला पुन्हा येऊ शकते, म्हणून पाण्याची सवय रोजची हवी. आमच्या मुलीला दिवसाला सुमारे दोन लिटर, आणि मार्च ते मेमध्ये त्यावर अर्धा ते एक लिटर, असे सांगितले गेले. पेले मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा: फिकट असेल तर पुरेसे, गडद पिवळा असेल तर कमी. शाळेत स्वच्छतागृह नकोसे असते म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. तसे होत असेल तर त्यावर आधी बोलावे लागते. जेवणातले मीठ तोडू नये, पण वरून जास्त मीठ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

गर्दीत जाण्याच्या दिवशी सकाळी मऊ भात किंवा मीठ घातलेली पेज आणि सोबत लोणचे खाऊनच निघावे. रांगेत लागण्याआधी अर्धा तास दोन मोठे पेले, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी किंवा मिठाचे ताक प्यावे. त्याचा आधार तासभर मिळतो. उपास मोडायचा नसेल तर मीठ-साखरेचे कोकम सरबत चालते का, हे घरातल्या मोठ्यांना आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. आमच्या सासूबाईंनी चालते असे सांगितले, आणि विचारले असते तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीही तेच सांगितले असते.

रांगेत दर काही मिनिटांनी टाचा उचलून चवड्यांवर वर-खाली करावे आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावे. या शिमग्यात मुलीने पाऊण तासाने "आई, जांभया येतायत" म्हटले आणि तिथेच मातीत, नव्या परकराची पर्वा न करता, उकिडवी बसली. मागच्या बाईंनी तिची जागा धरून ठेवली. दहा मिनिटे बसून, सरबत पिऊन ती हळूहळू उठली आणि ओटी भरून आली.